मारहाण नाही, व्यसन नाही, तरी संसार रिकामा : राहायचे की वेगळे व्हायचे?

बायको मार खाऊन माहेरी आली तर वस्तीत काय करायचे ते सगळ्यांना ठाऊक असते. चार माणसे जमतात, पोलीस चौकी गाठतात, दवाखान्याचा कागद काढतात. पण एखादी ताई येऊन म्हणाली, "हे मारत नाहीत, पीत नाहीत, पगार हातात आणून देतात, पण नऊ वर्षं झाली, आमच्यात काहीच उरलं नाही," तर तिला काय सांगायचे ते कोणालाच सुचत नाही. "मग त्रास काय आहे तुला?" एवढाच प्रश्न येतो आणि ती गप्प होते. पुरुषांचे तर त्याहून कठीण. ते हा विषय काढतच नाहीत. रात्रपाळी मागून घेतात, कट्ट्यावर बसतात, घरी फक्त झोपायला येतात.

या महिन्यात आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. संसार टिकवाच किंवा मोडाच, असे आम्ही सांगणार नाही. निर्णय कसा घ्यावा, कोणत्या क्रमाने घ्यावा आणि तो कुठे चुकतो, तेवढे सांगू. त्यासाठी एका जोडप्याची हकिकत घेतली आहे. ती अनेक घरांत ऐकलेल्या गोष्टी एकत्र करून मांडली आहे, म्हणून नाव-गाव दिलेले नाही. त्यांना आपण ताई आणि दादा म्हणू.

घर कसे होते

ताईंचे वय ४४, दादांचे ४९. लग्नाला २२ वर्षे झालेली. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा अकरावीत. ताई एका पॅकिंगच्या कारखान्यात जातात, साडेनऊ हजार मिळतात. दादा सिक्युरिटीत रात्री आठ ते सकाळी आठ, पगार एकोणीस हजार. झोपडी पाडून मिळालेली पुनर्वसनाच्या इमारतीतली एक खोली. ताई सकाळी साडेआठला निघतात तेव्हा दादा नुकतेच आलेले असतात. संध्याकाळी ताई परततात तेव्हा दादांचा डबा भरायची वेळ झालेली असते. दिवसभरात होणारे बोलणे असे : "गॅस संपत आलाय." "लाइटचं बिल भरलं का?" "पोराची फी."

भांडण नाही, कारण भांडण्याइतकेही कोणाला काही पडलेले नाही. अंथरुणे वेगळी होऊन सहा वर्षे झाली. ताईंच्या शब्दांत सांगायचे तर, "ह्यांची सुट्टी असली की मला बरं वाटायच्या ऐवजी जड वाटतं. ह्यांना पण तसंच वाटत असणार."

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. काही घरांत "त्रास नाही" असे म्हणताना खरे तर त्रास असतो, पण त्याला त्रास म्हणायची सवय नसते. शिक्षा म्हणून महिनोन्‌महिने अबोला धरणे, बायकोचा पगार काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे, नको असताना अंगाशी येणे, चारचौघांत सतत पाणउतारा करणे, या गोष्टी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसतात. स्वतःला एवढेच विचारा, "मी 'नाही' म्हटलं तर काय होईल, याची मला भीती वाटते का?" भीती वाटत असेल तर पुढचे सहा महिन्यांचे वगैरे तुमच्यासाठी नाही. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. ताईंना भीती नव्हती. त्यांच्या घरात फक्त शांतता होती.

आधी दवाखाना, मग निर्णय

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण इथे आहे. रिकामेपणा कधी नात्यात असतो, कधी शरीरात, तर कधी मनाच्या आजारात. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. काहीच करावेसे न वाटणे, नवऱ्याजवळ जावेसे न वाटणे, सतत थकवा, चिडचिड, झोप उडणे, ही सगळी लक्षणे रक्त कमी असण्याची, थायरॉइडची, पाळी जाण्याच्या काळातल्या बदलांची आणि नैराश्याचीही असू शकतात. नैराश्याचा एक प्रकार असा आहे की तो मंद आचेवर दोन वर्षे आणि त्याहून जास्त चालू राहतो. माणूस कामाला जातो, स्वयंपाक करतो, हसतोही. त्यामुळे आपण आजारी आहोत हे त्याला समजत नाही. "आपलं नशीबच असं" किंवा "आपला जोडीदारच असा" असे तो धरून चालतो.

ओळखायचे कसे? एक सोपी कसोटी आहे. आनंद कुठे कुठे हरवला आहे ते पाहा. मुलीचा निकाल लागला, बचत गटातल्या बायका सहलीला निघाल्या, १४ एप्रिलची मिरवणूक दारावरून गेली, बहीण भेटायला आली, आणि यातल्या कशानेच आत काही हलले नाही, तर रिकामेपणा बहुधा मनाच्या आजाराचा आहे. नवरा किंवा बायको बदलली तरी तो सोबत येईल. त्यावर उपचार आहेत आणि तो बरा होतो. पण बाहेर तुम्ही हसता-बोलता, कामात जीव रमतो आणि घराच्या उंबऱ्याशी आल्यावरच जड होते, तर प्रश्न बहुधा नात्याचा आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून मोठे नैराश्य असताना घर सोडण्याचा किंवा न सोडण्याचा पक्का निर्णय घेऊ नये. आधी उपचार सुरू करावेत, मन जरा सावरू द्यावे आणि मग ठरवावे. मरणाचे विचार येत असतील तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

ताई महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन निघाले ९. त्यांच्या वयाच्या बाईला ते किमान १२ हवे. थायरॉइड ठीक होते. पाळीत रक्त जास्त जात होते, त्याचा उपचार झाला आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी जिना चढताना लागणारी धाप गेली, संध्याकाळची चिडचिड कमी झाली. ताईंना वाटले, आता घरही बरे वाटेल. तसे झाले नाही. अंगातला थकवा गेला, पण दादांच्या सुट्टीचा दिवस तितकाच जड राहिला. गोळ्यांमुळे एवढे मात्र झाले की रक्ताचा प्रश्न कुठे संपतो आणि नात्याचा कुठे सुरू होतो, ते स्वच्छ दिसू लागले.

ताईंच्या आग्रहाने दादांनीही रक्त तपासले. साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी दादांना एकट्याला आत बोलावून विचारले तेव्हा सहा वर्षांचे कोडे सुटले. मधुमेहाने नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो आणि अनेक पुरुषांना संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही. दादांचे तेच झाले होते. लाजेने ते बोलले नाहीत आणि अंथरूण वेगळे केले. ताईंनी त्याचा अर्थ लावला, "मी नकोशी झाले." दादांनी ताईंच्या गप्प राहण्याचा अर्थ लावला, "तिला सुटल्यासारखं झालं." साखर ताब्यात आणून आणि औषधाने यावर बऱ्याच जणांना फरक पडतो. पण सहा वर्षांचे दोन्हीकडचे चुकीचे अर्थ गोळीने पुसले जात नाहीत. त्यासाठी बोलावे लागते.

दोन नव्हे, तीन वाटा

अशा वेळी माणसाला दोनच वाटा दिसतात. आहे तसे सोसत राहा, नाहीतर सोडून द्या. त्या दोन्हींमध्ये वर्षानुवर्षे मन हेलकावे खाते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले विल्यम डोहर्टी यांनी नेमक्या अशा जोडप्यांसाठी समुपदेशनाची एक पद्धत तयार केली. एकाला निघायचे आहे, दुसऱ्याला राहायचे आहे, किंवा दोघांनाही समजत नाही, अशा जोडप्यांना नाते सुधारण्याचे धडे लगेच देऊन उपयोग होत नाही, कारण सुधारायचे की नाही हेच ठरलेले नसते. म्हणून एक ते पाच भेटींत फक्त वाट ठरवायची. वाटा तीन : पहिली, आहे तसेच राहायचे. दुसरी, वेगळे व्हायचे. तिसरी, सहा महिने ठरवून, मनापासून प्रयत्न करायचा, त्या काळात घटस्फोटाचा विषय बाजूला ठेवायचा आणि सहा महिन्यांनंतर निर्णय घ्यायचा.

या पद्धतीतले एक काम आपल्याकडे सर्वांत अवघड जाते. समुपदेशक दोघांशी वेगवेगळे बोलतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : "हे नातं इथवर येण्यात तुमचा वाटा कोणता?" समोरच्याचा नाही, स्वतःचा. आपल्या बैठकीत नेमके उलटे होते. दोन्हीकडची माणसे समोरच्याच्या चुका मोजतात, मग वडीलधारे "पोरांकडे बघा" म्हणून चहा पाजून घरी पाठवतात. बैठक भांडण मिटवू शकते. रिकामेपणा मिटवणे तिला जमत नाही, कारण मिटवायला भांडणच नसते.

समुपदेशक कुठे मिळेल? मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे केसपेपर काढून "आम्हाला जोडप्याने बोलायचे आहे" असे सांगा. मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्त्यांकडे पाठवतात. वेड लागलेल्यांचा विभाग म्हणून लाजू नये. ताई-दादा तिथेच गेले, एकूण चार वेळा, दादांच्या मंगळवारच्या सुट्टीला.

तिथे जुनी गोष्ट बाहेर आली. नऊ वर्षांपूर्वी ताईंचे वडील वारले. अंत्यविधीला दादा आले, पण पुण्यानुमोदनाला आले नाहीत. सुट्टी मिळाली नाही, असे फोनवर सांगितले. खरे म्हणजे त्यांनी सुट्टी मागितलीच नव्हती. सासऱ्यांनी एकदा सर्वांसमोर त्यांच्या नोकरीवरून टोमणा मारला होता, तो मनात होता. ताईंना हे दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्या दादांना काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी दादांना काही सांगणेच बंद केले. स्वतःचा वाटा विचारल्यावर ताई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मी त्यांना विचारलंच नाही कधी. मी मनात निकाल लावून टाकला." दादा म्हणाले, "मी घाबरून बाजूला होत गेलो. पगार दिला की माझं काम झालं, असं धरलं."

दोघांनी तिसरी वाट घेतली. कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरच्या तारखेला गोल केला.

सहा महिन्यांत काय केले

"एकमेकांना वेळ द्या" एवढे सांगून भागत नाही. एका खोलीत चौघे असताना वेळ द्यायचा कुठे? म्हणून ठरले ते असे : दर मंगळवारी संध्याकाळी घराबाहेर अर्धा तास. बाजारापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. त्या अर्ध्या तासात पैसे, मुले आणि नातेवाईक हे तीन विषय बंद. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकायचे आणि ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे : "म्हणजे तुला असं वाटलं, की..." पुढच्या मंगळवारी पाळी उलटी. जुना राग काढायचा तर एका वेळी एकच. भांडण झाले तरी सहा महिन्यांत "जा मग, सोड मला" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. बाहेर कोणाशी मनाचे किंवा शरीराचे नाते असेल तर ते थांबवल्याशिवाय हे सहा महिने सुरूच करायचे नाहीत, कारण तसे केले तर तो प्रयत्न नव्हे, देखावा होतो.

पहिले पाच-सहा मंगळवार अवघडलेले गेले. मग दादा वडिलांच्या पुण्यानुमोदनाबद्दल बोलले, माफी मागितली. ताई रस्त्यातच रडल्या. घरात आवाज आला, मुलगी म्हणाली, "तुम्ही दोघं बोलताय!"

फरक पडतो आहे की नाही हे कसे ओळखावे? तरुणपणीचे प्रेम परत आले का, हे मोजू नये. तीन गोष्टी पाहाव्यात. एक, समोरचा माणूस न सांगता काही करतो का, की फक्त हजेरी लावतो? दोन, त्याच्या दिवसात काय झाले हे आपल्याला जाणून घ्यावेसे वाटते का? तीन, खटका उडाला तर दोन-तीन दिवसांत कोणीतरी परत जवळ येते का? या तिन्हींत थोडी थोडी वाढ असेल तर नाते जिवंत आहे आणि आणखी सहा महिने द्यायला हरकत नाही. आमच्या पाहण्यातल्या काही घरांत एवढ्यानेच संसार पुन्हा उभा राहिला आहे. पण मंगळवार ड्यूटीसारखा पाळला जातो, समोरच्याबद्दल तुच्छता वाटते, किंवा तो घरात नसतो तेव्हाचे हायसे वाटणे सहा महिन्यांनंतरही तसेच आहे, तर तेही उत्तरच आहे.

ताई-दादांचे उत्तर मधलेच निघाले. राग गेला, आदर परत आला. पण गोल केलेल्या तारखेला दोघे बसले तेव्हा दादाच आधी बोलले, "आपण आता भांडत नाही, पण मी तुझ्यासोबत आहे असं मला वाटत नाही. तुला वाटतं का?" ताई म्हणाल्या, "नाही." दोघांनाही वाईट वाटले आणि दोघांनाही खरे बोलल्यासारखे वाटले. त्यांनी वेगळे व्हायचे ठरवले.

मुलांचे काय?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटस्फोट झालेल्या घरांचा अभ्यास केला. घरात सतत भांडणे होती तिथल्या मुलांना आई-वडील वेगळे झाल्यावर सरासरीने बरे गेले. जिथे भांडण नव्हते तिथल्या मुलांना मात्र जास्त जड गेले. मोठ्यांचेही तसेच : फार त्रासाच्या लग्नातून बाहेर पडलेल्यांचे समाधान वाढले, कमी त्रासाच्या लग्नातून बाहेर पडलेल्यांचे सरासरीने घटले. सरासरी म्हणजे तुमचे घर नव्हे, शिवाय ती माणसे दुसऱ्या देशातली. पण यातून एक समजते. मुलांना भांडण दिसलेच नसेल तर वेगळे होणे त्यांच्यावर आभाळ कोसळल्यासारखे येते. "आपल्यामुळे झालं का?" हा प्रश्न ती मनात धरून बसतात.

म्हणून ताई-दादांनी मुलांना दोघांनी मिळून सांगितले, मुलाची वार्षिक परीक्षा संपल्यावर. कोणाचा दोष नाही हे सांगितले. कोण कुठे राहील, फी कोण भरेल, बाबा कोणत्या दिवशी येतील, हेही त्याच दिवशी सांगितले. मुलगा आठवडाभर बोलला नाही. मग त्याने विचारले, "माझं कॉलेज बदलणार नाही ना?" मुलांना बहुतेक वेळा असेच नेमके उत्तर हवे असते.

वेगळे व्हायचे तर कागद नीट करा

बौद्ध पद्धतीने लग्न झालेल्या अनेकांना वाटते की आपल्याला हिंदू विवाह कायदा लागू नाही. तो लागू आहे. १९५५ च्या या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचे नाव आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झटले आणि जे अडवले गेल्यामुळे १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात घटस्फोटाचा हक्क होता. दोघांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची सोय मात्र १९७६ च्या दुरुस्तीने आली. तेच कलम १३-ब.

वस्तीत सर्वांत जास्त चूक होते ती स्टॅम्पपेपरच्या सोडचिठ्ठीत. नोटरीकडे शंभर-पाचशेच्या कागदावर फारकत लिहून चार साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की झाले, असे लोक समजतात. कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर ते लग्न कायद्याने चालूच राहते. रूढीने चालत आलेल्या फारकतीला कायद्यात जागा आहे, पण आपल्यात ती रूढी खरोखर आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. तसे झाले नाही तर दुसरे लग्न बेकायदा ठरते, गुन्हा होऊ शकतो आणि दुसऱ्या जोडीदाराचे हक्क धोक्यात येतात.

कलम १३-ब साठी दोघांनी मिळून कुटुंब न्यायालयात अर्ज करायचा. अट अशी की अर्जाआधी किमान एक वर्ष दोघे वेगळे राहिलेले असावेत. वेगळी खोली परवडत नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आहे की वेगळे राहणे म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणे. परिस्थितीमुळे एकाच छपराखाली असूनही तसे राहता येते. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगावी लागते. सगळ्या गोष्टी मिटल्या असतील तर ही सहा महिन्यांची वाट न्यायाधीश माफ करू शकतात, असा २०१७ चा निकाल आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते.

एकाने संमती दिली नाही तर? तेव्हा अडचण येते. क्रूरता, दोन वर्षे टाकून देणे अशी ठरावीक कारणे सिद्ध करावी लागतात. "आमच्यात काही उरले नाही" हे कारण कुटुंब न्यायालयात चालत नाही. तेवढ्या कारणावर लग्न संपवण्याचा विशेष अधिकार सर्वोच्च न्यायालय वापरू शकते, असे २०२३ मध्ये ठरले, पण तिथवर जाणे आपल्यासारख्यांना कठीण. म्हणून रिकाम्या लग्नात राग न ठेवता बोलणे कायद्याच्या दृष्टीनेही कामाला येते. खोट्या क्रूरतेचे आरोप लिहून अर्ज करण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. त्याने समोरचा माणूस संमतीपासून दूर जातो आणि मुले साक्षीदार होतात.

वकिलाचा खर्च नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नंबर १५१००. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. पुरुष अनुसूचित जातीचा असेल तर त्यालाही मिळतो.

पैसा आणि खोली

ताई-दादांनी कोर्टात जाण्याआधी वहीच्या एका पानावर हिशेब मांडला. दोन चुली झाल्या की खर्च दुप्पट होत नाही, पण वाढतो नक्की. ताईंचे साडेनऊ हजार आणि दादांनी मुलांसाठी द्यायचे सात हजार मिळून साडेसोळा हजार. किराणा सहा हजार, सोसायटी-लाइट-पाणी अठराशे, गॅस नऊशे, दोन्ही मुलांची फी आणि येणे-जाणे साडेपाच हजार. चौदा हजार दोनशे झाले. आजारपणाला तेवीसशे उरले. दादांकडे बारा हजार उरले. ते भावाकडे राहायला गेले, भाड्यात आणि जेवणात वाटा म्हणून सात हजार देतात, बाकी औषध आणि प्रवास. हिशेब ताणलेला आहे, पण बसतो. काही घरांत तो बसत नाही. तेव्हा मुलांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत एका घरात, वेगळी अंथरुणे आणि ठरलेली वागणूक ठेवून थांबणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. फक्त तो दोघांनी बोलून, मुदत ठरवून घेतलेला असावा.

खोलीचे कागद आधी पाहा. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या घराची मालकी पती-पत्नी दोघांची धरली जाते आणि सोसायटीच्या नोंदीत, शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावे असायला हवीत. ताईंचे नाव होते, पण त्यांनी कागद कधी पाहिलाच नव्हता. संमतीच्या अर्जात त्यांनी लिहून घेतले की मुलगा शिकून कमावता होईपर्यंत ताई आणि मुले तिथेच राहतील आणि घर दोघांच्या सहीशिवाय विकले जाणार नाही. "मला काही नको" असे लिहून बायका घाईने सही करतात. तसे करू नये. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे, तो सोडून देणे आईच्या हातात नाही.

दादा आता दर मंगळवारी मुलांना भेटायला येतात. जेवून जातात. ताई त्यांना साखर तपासली का ते विचारतात. वस्तीतले काही लोक म्हणतात, एवढे चांगले आहे तर वेगळे कशाला झाले? ताई म्हणतात, "एवढं चांगलं आहे कारण वेगळे झालो."

दुसऱ्या एखाद्या घरात याच सहा महिन्यांनंतर दोघे एकत्र राहतील आणि तेही तितकेच बरोबर असेल. तुमच्या घरात शांतता अशीच जड झाली असेल तर सुरुवात वकिलापासून करू नका आणि नातेवाइकांपासूनही करू नका. या आठवड्यात दोघांचे रक्त तपासा. मग कॅलेंडरवर एक तारीख गोल करा.